उदगीरहून ब्रॅम्प्टनला परतताना: नागरिकत्वाचे दिवस नेमके कसे मोजायचे

प्रश्न: "ताई, मी मूळचा उदगीरचा. १ सप्टेंबर २०१९ ला स्टडी परमिटवर कॅनडाला गेलो, नंतर वर्क परमिट, आणि १ मार्च २०२२ ला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झालो. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून १२ फेब्रुवारी २०२४ ला गावी आलो, तो अजून इथंच आहे. आता ३० जून २०२५ चं परतीचं तिकीट काढलंय. निघालो तेव्हा नागरिकत्वाला लागणाऱ्या १०९५ दिवसांना फक्त ६१ दिवस कमी होते. म्हणजे ऑगस्टअखेर नागरिकत्वाचा अर्ज करता येईल ना? बायको आणि मुलगी १ जून २०२२ पासून ब्रॅम्प्टनलाच आहेत. आमचा तिघांचा अर्ज एकत्रच करायचाय. आणि बायकोचं शिक्षण मराठीतून झालंय, तिच्या इंग्रजीचं कसं?"

उत्तर:

ऑगस्टअखेर अर्ज करू नका, तो नामंजूर होईल. तुमची सगळ्यात लवकरची तारीख २९ मार्च २०२६ येते. वहिनींची मात्र १५ जुलै २०२५ आहे, म्हणजे तुम्ही परत पोहोचल्यावर दोन आठवड्यांनी. हे दोन्ही कसं आलं ते सांगते, कारण तुमच्यासारखा हिशोब करून अडकलेल्या बऱ्याच फाइली माझ्याकडे संभाजीनगरला येतात. बहुतेकांच्या मागे आईवडिलांचं आजारपण असतं, आणि त्या दिवसांत तारखा मोजायचं कुणाच्या डोक्यात नसतं.

आधी नियम. ज्या तारखेला तुम्ही अर्जावर सही करता, तिच्या लगेच आधीची पाच वर्षं बघितली जातात. त्या पाच वर्षांत तुम्ही १०९५ दिवस कॅनडाच्या जमिनीवर असायला हवं. पीआर झाल्यापासूनचा प्रत्येक दिवस पूर्ण धरतात. पीआर होण्याआधी स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा व्हिजिटर म्हणून कायदेशीर राहिलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, आणि अशा अर्ध्या दिवसांचे मिळून जास्तीत जास्त ३६५ मिळतात. म्हणजे ती मर्यादा गाठायला पीआरच्या आधीचे ७३० दिवस त्या पाच वर्षांच्या आत असायला हवेत.

गफलत "त्या पाच वर्षांच्या आत" या शब्दांपाशी होते. ही पाच वर्षं एका जागी थांबलेली नसतात. सहीची तारीख एक दिवस पुढे गेली की पाच वर्षांची सुरुवातही एक दिवस पुढे जाते आणि मागचा एक दिवस हिशोबातून गळून पडतो. तुम्ही उदगीरला बाबांजवळ बसलेले असतानाही हे चालूच असतं.

आता तुमचेच दिवस मोजू. १ सप्टेंबर २०१९ ते २८ फेब्रुवारी २०२२ हे ९१२ दिवस होतात. तुम्ही पाठवलेल्या नोंदींत १० डिसेंबर २०२१ ते ९ जानेवारी २०२२ अशी गावाकडची एक चक्कर आहे. निघायचा दिवस आणि परत पोहोचायचा दिवस, हे दोन्ही कॅनडातले धरतात, त्यामुळे गैरहजेरी २९ दिवसांची. उरले ८८३. त्याचे निम्मे ४४१ च्या वर जातात, पण मिळणार ३६५ च. म्हणजे पीआरच्या आधीचे १५३ दिवस तुमच्याकडे जास्तीचे होते.

पीआरनंतर १ मार्च २०२२ पासून १२ फेब्रुवारी २०२४ पर्यंत, निघायचा दिवस धरून, ७१४ दिवस झाले. मधे बहिणीच्या लग्नाला २० नोव्हेंबर २०२२ ते ५ जानेवारी २०२३ आला होतात, त्याची गैरहजेरी ४५ दिवस. राहिले ६६९. त्यात ३६५ मिळवले की १०३४. १०९५ ला ६१ कमी. इथपर्यंत तुमचा हिशोब तंतोतंत बरोबर आहे.

पण हा आकडा १२ फेब्रुवारी २०२४ चा आहे. त्यानंतर पाच वर्षांची सुरुवात सरकत गेली. ते १५३ जास्तीचे दिवस होते म्हणून बराच काळ काही बिघडलं नाही. १ फेब्रुवारी २०२५ पर्यंत तुमचे ३६५ शाबूत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये परत गेला असतात तर खरोखरच ६१ दिवसांनी, जानेवारीत अर्ज झाला असता. १ फेब्रुवारीनंतर मात्र दर दिवशी अर्धा दिवस कमी होऊ लागला.

३० जून २०२५ ला पाच वर्षांची सुरुवात ३० जून २०२० वर येते. तिथपासून पीआर होईपर्यंत ६०९ दिवस, त्यातून गैरहजेरीचे २९ गेले, उरले ५८०, त्याचे निम्मे २९०. म्हणजे ३६५ चे २९० झाले. ६६९ अधिक २९० म्हणजे ९५९, आणि तूट ६१ ची १३६ झाली.

शिवाय परत गेल्यावरही ही गळती थांबत नाही. ब्रॅम्प्टनला काढलेला प्रत्येक दिवस पुढून एक दिवस देतो आणि मागून अर्धा घेतो, म्हणून पदरात अर्धाच पडतो. १३६ ची तूट भरायला २७२ दिवस लागतात. ३० जूनपासून २७२ दिवसांनी २९ मार्च २०२६ येतो. पडताळून बघा: त्या दिवशी पाच वर्षांची सुरुवात २९ मार्च २०२१. तिथून पीआरपर्यंत ३३७ दिवस, वजा २९, म्हणजे ३०८, त्याचे निम्मे १५४. पीआरनंतरचे ६६९ अधिक २७२ म्हणजे ९४१. दोन्ही मिळून बरोबर १०९५. ३० ऑगस्टला सही केली असती तर भरले असते ९८९ आणि अर्धा.

तिकिटाबद्दल म्हणून एक सांगते, त्यावरून ठरवा. बाबांसाठी आणखी एक महिना थांबून ३० जुलैला गेलात, तर तुमची तारीख २८ मे २०२६ होते. तीस दिवस थांबलात की साठ दिवस पुढे. थांबायची गरज असेल तर खुशाल थांबा, बाबा परत मिळत नाहीत. पण हा दर माहीत असू द्या. मार्चपर्यंत गावाकडे जी काही चक्कर होईल तिलाही हाच दर लागतो: पंधरा दिवसांची गैरहजेरी सही महिनाभर पुढे ढकलते.

गावाहून लॅपटॉपवर कॅनडातल्या कंपनीचं काम केलं, पगार तिथल्या खात्यात आला, टॅक्स तिथं कापला, तरी तो दिवस मोजत नाहीत. तुमचं शरीर कॅनडात होतं का, एवढंच बघतात. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात आणि तिथं काही सवलती आहेत, उदाहरणार्थ कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवस. लोक त्या सवलती नागरिकत्वालाही लावतात. तसं होत नाही.

आता तारखा कुठून घ्यायच्या. यात मी स्वतः एकदा चुकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाची फाइल मी पासपोर्टावरच्या भारतीय शिक्क्यांवरून भरली. मुंबई विमानतळाचा शिक्का, जांभळी शाई, आतली तारीख भिंग लावून वाचावी लागली होती. टोरोंटोहून निघाल्यावर मुंबईत शिक्का पडेपर्यंत तारीख एक-दोन दिवसांनी पुढे गेलेली असते. मी शिक्क्याची तारीख "कॅनडा सोडल्याची तारीख" म्हणून लिहिली, आणि चार चकरांमध्ये मिळून त्यांचे पाच दिवस जास्त दाखवले गेले. त्यांनी सही केली होती ती १०९७ वर. प्रत्यक्षात दिवस होते १०९२. अर्ज नामंजूर झाला, प्रक्रियेची फी बुडाली आणि सगळं नव्याने करावं लागलं. त्या घरातल्या आजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी तारखा तीन ठिकाणांहून घेते आणि तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जात नाही. एक, विमानाचं तिकीट किंवा बोर्डिंग पास, कारण कॅनडातून विमान कधी सुटलं आणि कधी उतरलं ते त्यात असतं. दोन, पासपोर्टावरचे शिक्के, जुना पासपोर्ट संपला असेल तर तोही. तीन, कॅनडाच्या सीमा सेवा विभागाकडून मागवलेला तुमचा प्रवासाचा इतिहास. तो माहितीच्या अधिकारासारख्या अर्जाने मिळतो. कॅनडा आता देशात येण्याच्याच नव्हे तर बाहेर जाण्याच्याही नोंदी ठेवतो आणि तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी त्याच नोंदी बघतो. तेव्हा त्याने बघायच्या आधी तुम्ही बघा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून मागणी आत्ता पोहोचल्या पोहोचल्या करा.

गाडीने नायगारा ओलांडून बफेलोला खरेदीला गेलात आणि संध्याकाळी परतलात तर गैरहजेरी शून्य. शनिवारी जाऊन रविवारी आलात तरी शून्य, कारण जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही दिवस तुमच्याकडे जमा. पण विसरून चालत नाही: रात्र बाहेर काढली असेल तर ती फेरी लिहायचीच. दिवस कमी होत नाहीत, मात्र न लिहिलेली फेरी नोंदींत सापडली की अधिकारी बाकीच्या तारखांकडेही संशयाने बघतो आणि पासपोर्टाच्या सगळ्या पानांसकट प्रश्नावली पाठवतो. मग महिने जातात.

या सगळ्यामुळे नेमक्या १०९५ वर सही करू नका. मी किमान दहा-पंधरा दिवस वर ठेवायला सांगते. तुमच्यासाठी दहा दिवस वर म्हणजे वीस दिवस थांबणं, तेव्हा एप्रिल २०२६ चा तिसरा आठवडा धरा. सरकारी संकेतस्थळावर फिजिकल प्रेझेन्स कॅल्क्युलेटर आहे, तो मोफत आहे आणि अर्धे दिवस, ३६५ ची मर्यादा, सरकती पाच वर्षं हे सगळं स्वतः सांभाळतो. फक्त त्यात सहीची तारीख जी घालाल त्याच दिवशी सही करा. लोक मार्चमध्ये हिशोब काढून ठेवतात, मधे चार दिवस गावी जाऊन येतात आणि जुन्याच हिशोबावर सही करतात. सही एक दिवस जरी लवकर झाली तरी ती चूक मागून सुधारता येत नाही. अर्ज तपासून होईपर्यंत दिवस पूर्ण होतीलच, हा युक्तिवाद चालत नाही.

आता वहिनी. त्या १ जून २०२२ ला पीआर म्हणूनच उतरल्या, म्हणजे अर्ध्या दिवसांचा प्रश्नच नाही आणि मागून गळणारंही काही नाही. नणंदेच्या लग्नाचे ते ४५ दिवस सोडून त्या तिथंच आहेत. १ जून २०२२ ते १४ जुलै २०२५ हे ११४० दिवस, वजा ४५, म्हणजे १०९५. त्यांची पहिली तारीख १५ जुलै. जुलैअखेर सही केली तर पंधरवड्याची शिल्लक राहते.

तिघांचा अर्ज एकत्र करायचा तुमचा विचार मी समजू शकते, घरातलं कुठलंही कागदपत्र आपण सगळ्यांचं मिळूनच काढतो. पण इथं प्रत्येक मोठ्या माणसाचे दिवस वेगळे मोजतात आणि एकत्र दिलेल्या अर्जांत एकाचं अडकलं तर बाकीच्यांचंही थांबू शकतं. तुमच्यासाठी त्यांना आठ-नऊ महिने थांबवण्याचं काही कारण नाही. मुलगी अठराच्या आतली आहे आणि पीआर आहे, तिला १०९५ ची अट नाही. आईच्या अर्जासोबतच तिचा अर्ज जाऊ शकतो. तिला परीक्षाही नाही आणि भाषेचा पुरावाही नाही.

दिवसांखेरीज टॅक्सचं बघा. त्या पाच वर्षांपैकी तीन वर्षांचे रिटर्न, भरणं कायद्याने लागू असेल तर, भरलेले हवेत. तुम्ही २०२४ चं गावाकडे असताना भरलं नसेल तर परतल्यावर पहिल्या आठवड्यात भरा. बायको, मुलगी आणि घर तिथं असताना कॅनडा तुम्हाला बहुधा आपला करदाताच मानतो.

वहिनींच्या इंग्रजीबद्दल. सहीच्या दिवशी वय १८ ते ५४ असेल तर ऐकण्या-बोलण्याचा पुरावा लागतो. लिहिण्या-वाचण्याचा नाही. पातळी कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची सीएलबी ४, म्हणजे रोजच्या व्यवहारातलं साधं बोलणं: डॉक्टरला काय दुखतं ते सांगणं, शाळेतल्या बाईंशी बोलणं, फोनवर पत्ता देणं. तीन वर्षं ब्रॅम्प्टनला मुलगी वाढवलेल्या बाईला हे जड जात नाही, पण ते कागदावर दिसावं लागतं.

नांदेडच्या विद्यापीठाची एम.ए.ची पदवी त्यासाठी चालणार नाही, कारण पुरावा इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाचा हवा आणि त्यांचं माध्यम मराठी होतं. इथं एक आगाऊ सूचना: गुणपत्रिकेवर माध्यम लिहिलेलं नाही म्हणून कॉलेजातून "माध्यम इंग्रजी" असं पत्र आणून देतो, असं सांगणारे लोक आपल्याकडे भेटतात. ते अजिबात करू नका. खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची पाच वर्षं नागरिकत्व मिळण्यावर बंदी येते. सरळ रस्ते सोपे आहेत. पीआर असलेल्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारे लिंक नावाचे इंग्रजीचे वर्ग असतात, तिथं ऐकणं आणि बोलणं दोन्हीत चौथी पातळी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र चालतं. घाई असेल तर आयेल्ट्सची जनरल ट्रेनिंग परीक्षा, बोलण्यात ४ आणि ऐकण्यात ४.५ पुरतात. तुम्ही सगळ्यांनी पीआरच्या वेळी दिलेली जुनी परीक्षा घरात असेल तर ती आधी शोधा. तिची मुदत संपली असली तरी नागरिकत्वासाठी ती ग्राह्य धरतात. वहिनींनी तेव्हा गुणांसाठी आयेल्ट्स दिली असेल, तर नवीन काहीच करायला नको. तुमचा स्वतःचा पुरावा तुमचा कॅनडातला इंग्रजीतून केलेला डिप्लोमा.

नागरिकत्वाची परीक्षा याच वयोगटाला असते: वीस प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला पंधरा बरोबर. प्रश्न सगळे 'डिस्कव्हर कॅनडा' या सरकारी पुस्तिकेतले. पुस्तिका मोफत आहे आणि ऐकण्यासाठीही मिळते. स्वयंपाक करता करता ती ऐकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांना चांगले गुण पडतात. अडखळायला होतं ते इतिहासाच्या वर्षांवर नाही, तर राज्यव्यवस्थेवर: गव्हर्नर जनरल कोणाचा प्रतिनिधी, प्रीमियर आणि पंतप्रधान यांत फरक काय, कायदा कुठल्या पायऱ्यांनी होतो. वहिनींना सांगा की आपल्याकडच्या राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांच्या जोडीवरून ते लावून घ्या. राज्यपालाच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर, मुख्यमंत्र्याच्या जागी प्रीमियर. हे एकदा बसलं की बरेचसे प्रश्न सुटतात.

अर्ज गेल्यावर तुम्हाला गावी यायला हरकत नाही, सही झाल्यानंतरचे दिवस १०९५ मध्ये धरतच नाहीत. ईमेलवर लक्ष ठेवा, आणि शपथेच्या दिवशी मात्र कॅनडातच असावं लागतं, शपथ व्हिडिओवर असली तरी.

शपथ घेतली त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ ने ते होतं, तुम्ही वेगळा अर्ज करा अथवा न करा. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो वकिलातीत जमा करून प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड काढायचं. यात वेळ जातो, म्हणून बाबांच्या तब्येतीचा विचार करता शपथ आणि ओसीआय यांच्या मधल्या काळासाठी वहिनींनी आणि नंतर तुम्ही आधीच ठरवून ठेवा की अचानक यावं लागलं तर नवीन पासपोर्टावर भारताचा व्हिसा कसा काढणार. आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, कारण उदगीरच्या माणसाच्या मनात ते असतंच: सातबाऱ्यावर बाबांच्या नावाची जी शेती आहे ती वारसाने तुमच्या नावावर येऊ शकते, ओसीआय झाल्यावरही. नवीन शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही. ते तर आत्ताही, परदेशात राहणारा भारतीय म्हणून, तुम्हाला घेता येत नाहीच.

निघण्याआधी जुना पासपोर्ट कपाटातून काढून सोबत घ्या. डिसेंबर २०२१ च्या चक्करीचे शिक्के त्यातच असतील.